जास्त पाळीसाठी ट्रॅनेक्झॅमिक ७ महिने, मग हार्मोनची 'टी' ६ महिने: वापरून काय वाटलं

वय ४२, दोन मुलं. पाळीचे पहिले दोन दिवस तासाला पॅड, मोठाल्या गाठी, रात्री गादीवर प्लास्टिक. हिमोग्लोबिन ८.४ आलं तेव्हा कुठे गायनॅककडे गेले. सोनोग्राफी, थायरॉइड, वयामुळे अस्तराचा तुकडाही तपासला, सगळं ठीक.

आधी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं, ५०० च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त जातं तेवढे दिवस, जास्तीत जास्त चार. अस्तर सुटतं तिथे रक्त गोठून वाहणं थांबतं, पण शरीर तो गोठलेला भाग लगेच विरघळवायला लागतं, आणि ही गोळी ते विरघळवणंच अडवते. हार्मोनशी काही संबंध नाही, म्हणून तारखा तशाच राहतात आणि दिवस राहायचे थांबत नाहीत. मी पहिल्या महिन्यात 'बघू जमतंय का' करत तिसऱ्या दिवशी सुरू केली, तोवर जायचं ते जाऊन झालेलं. नंतर पहिल्याच दिवशी जोर वाढला की घ्यायला लागले आणि दिवसाला दहा पॅडचे पाच झाले. थोडी मळमळ व्हायची. पण गोळी त्या महिन्यापुरतीच, पुढच्या महिन्यात परत तेच.

नणंदेने माझी उरलेली स्ट्रिप मागितली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं, कारण बाळंतपणानंतर तिच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. असं ज्यांना झालंय, किंवा स्ट्रोक, फिट्स, त्यांनी ही मनाने घ्यायचीच नाही. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो.

सात महिन्यांनी कंटाळले, हार्मोनचं विचारलं. गर्भनिरोधक गोळीला डॉक्टर नाहीच म्हणाल्या, कारण माझी अर्धशिशी सुरू व्हायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेघा येतात, आणि अशांना इस्ट्रोजेनने स्ट्रोकचा धोका वाढतो. बीपी, पस्तिशीनंतर सिगरेट, गुठळीचा इतिहास, यांनाही ती नको. आणि ती गोळी चालू असताना वर ट्रॅनेक्झॅमिक पण घेतलं तर दोन्ही गुठळीच्याच बाजूने ओढतात. सणाला पाळी पुढे ढकलायची गोळी आपण पेपरमिंटसारखी घेतो ना, नॉरएथिस्टेरॉन, तिचाही थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो, हे मला तेव्हाच कळलं.

मग हार्मोनवाली टी बसवली. सगळे कॉपर टी म्हणतात पण यात तांबं नाहीच, उलट तांब्याच्या टीने पाळी वाढू शकते. ही गर्भाशयातच रोज थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडते, अस्तर पातळ राहतं, मग जायला उरतंच कमी. बसवताना चांगलंच दुखलं. आणि पहिले साडेतीन महिने जवळजवळ रोज डाग, दोनदा काढून टाकायला निघाले होते! तीन ते सहा महिने असं चालतं हे आधी सांगितलेलं म्हणून थांबले. चौथ्यापासून कमी होत गेलं, आता महिन्यात दोन दिवस पँटी लायनर पुरतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना, ओटीपोटात इन्फेक्शन असताना, फायब्रॉइडने गर्भाशयाची आतली जागा वेडीवाकडी झाली असेल तर, किंवा रक्त का जातंय तेच कळलं नसेल तर ही बसवत नाहीत.

परवा हिमोग्लोबिन ११.९ आलं, लोहाची गोळी अजून चालू आहे. गादीवरचं प्लास्टिक मात्र काढून टाकलंय.