लिहून आणलेलं निवेदन की हातातल्या चिठ्ठ्या?

कोथरूडच्या एका शाळेत रिलेचं धावतं वर्णन मी दोन्ही प्रकारे केलंय. पूर्ण लिहिलेलं निवेदन उद्घाटनाला छान. शर्यतीत मात्र डोळे कागदावर राहतात आणि बॅटन पडलेलं दिसतच नाही. चिठ्ठीवर मोजके शब्द असतात: "यलो हाऊस वळणावर... बॅटन दिलं... आणि घेतली मुसंडी!" रंग आणि क्रियापद, एवढंच.

पुढच्या शर्यतीची मुलं लेनमध्ये उभी करेपर्यंत मैदान थंडावतं. तेव्हा दुसरी चिठ्ठी: "कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव! १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!" हे मध्येच सोडलं तरी चालतं; लिहिलेला परिच्छेद तसा सोडता येत नाही. "ऑन युवर मार्क" ऐकू आलं की माइक बंद, नाहीतर मुलांना इशारा ऐकू येत नाही. शर्यतींसाठी मी चिठ्ठ्याच घेते.