लहान फोनवर मोठे फॉर्म : अकरा महिन्यांच्या वापरानंतर, खानापूर तालुक्यातून

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात. मराठी घरची, इंग्रजी शाळेतली, कन्नड मात्र लग्नानंतर बसच्या पाट्या वाचत वाचत शिकले. घरात माझ्या वाटणीला आलेला फोन ५.४५ इंची आहे, म्हणजे पडदा साधारण सहा सेंटीमीटर रुंद आणि बारा उंच. रॅम २ जीबी. गेल्या अकरा महिन्यांत या फोनवर मी घरातले आणि गल्लीतले मिळून पंचवीस-तीस फॉर्म भरले. शिष्यवृत्ती, जात-उत्पन्न दाखला, रेशन कार्डात नाव घालणं, पुतणीचा प्रवेश. खानापूरला जाऊन भरून घ्यायचं तर शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना तिकीट लागत नाही, पण अर्धा दिवस मोडतो आणि पुन्हा रांग आहेच.

फोन या कामाला पुरतो का? पुरतो, पण फॉर्म उघडून थेट टाइप करायला बसलात तर नाही. मला हे कळायला पहिले चार महिने गेले, आणि त्याला कारण एक कन्नड मात्रा.

पुतणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. त्यात नाव आधी इंग्रजीत, त्याखाली कन्नडमध्ये, मग आईचं नाव तसंच, वडिलांचं तसंच. तिच्या आईचं नाव रेखा आहे असं समजा. मी इंग्रजी रकान्यात Rekha लिहिलं, कन्नड रकान्यात नाव लिहिलं, पान खाली सरकवत शेवटापर्यंत गेले, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पान जागचं हललं नाही. लाल ओळ वरच्या टोकाला आली होती आणि मी होते तळाशी. वर जाऊन वाचलं तर आईचं नाव नोंदीशी जुळत नाही. रेशन कार्ड हातात घेऊन अक्षर अक्षर ताडून पाहिलं, मला दोन्ही सारखीच दिसत होती. तीनदा भरला, तीनदा तेच.

फरक असा होता. कार्डावर होतं ರೇಖಾ आणि मी लिहिलं होतं ರೆಖಾ. मराठीत ‘ए’ एकच आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, आणि ‘ओ’चंही तसंच. दीर्घाला अक्षराच्या उजवीकडे एक छोटी आकडी जास्त लागते, तेवढाच काय तो फरक. मराठी माणसाच्या कानाला तो लवकर पकडता येत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच पकडावा लागतो. आणि डोळ्यांनी पकडायला अक्षर मोठं दिसावं लागतं.

ते फॉर्मचं पान संगणकाच्या पडद्यासाठी बनवलेलं होतं. पानानं फोनसाठी काहीच सांगितलेलं नसेल, तर ब्राउझर ते ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग दाबून पडद्यात बसवतो. माझ्या फोनची रुंदी ब्राउझरच्या हिशोबात ३६० पिक्सेल. म्हणजे १४ पिक्सेलचं अक्षर पाच पिक्सेलचं होऊन दिसतं. पाच पिक्सेलात ती आकडी दिसणार कुठून? रकान्यावर बोट ठेवलं की पान आपोआप मोठं व्हायचं, पण मग रकान्याचं नाव डावीकडे पडद्याबाहेर जायचं. आपण आईच्या रकान्यात आहोत की वडिलांच्या, हे बघायला डावीकडे सरकायचं, परत उजवीकडे यायचं. एकदा वडिलांचं नाव पालकांच्या रकान्यात गेलं ते यातूनच.

दुसरा एक फॉर्म बरोबर उलट निघाला. तो फोनसाठी नीट बनवलेला, एकाखाली एक रकाने, पण दोन बोटांनी मोठा करायला गेले तर होईचना. मला वाटलं पडद्याची काच गेली. माझा धाकटा दीर बेळगावात वेबसाइटचं काम करतो. तो म्हणाला, “वहिनी, फोन बिघडला नाही. त्या पानानंच झूम बंद करून ठेवलंय की.” त्यानं मला पानातली ती ओळ दाखवली :

```
<meta name="viewport" content="width=device-width, user-scalable=no">
```

शेवटचा तुकडा म्हणजे वापरणाऱ्याला मोठं करू देऊ नका. साठीतल्या माणसानं भरायच्या फॉर्मात असं कुणी का लिहावं, हे मला अजून पटलेलं नाही. यावर उपाय मात्र आहे. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, Settings, मग Accessibility, आणि तिथे Force enable zoom. ते एकदा चालू केलं की पानानं मनाई केली तरी मोठं करता येतं. गल्लीतल्या सगळ्या फोनवर मी हे करून दिलं आहे. अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगाला आलेलं हेच.

फोनच्या सेटिंगमधलं Display size वाढवून मात्र बघू नका. अक्षरं मोठी होतात हे खरं, पण ब्राउझरला मिळणारी रुंदीही घटते आणि रकाने एकमेकांवर चढतात. मी ते लहानच ठेवते आणि पाहिजे तिथे बोटांनी मोठं करते.

आता कळफलक. तो वर आला की जवळजवळ अर्धा पडदा जातो. उरलेल्या अर्ध्यात रकाना दिसतो, ‘पुढे’चं बटण दिसत नाही, कारण ते पानाच्या तळाशी चिकटवलेलं असतं आणि कळफलक त्याच्यावर येतो. कळफलक बंद करायला मागे जायची खूण एकदाच करायची. घाईत दोनदा केली तर पहिल्यानं कळफलक जातो आणि दुसऱ्यानं पानच जातं, भरलेल्या सगळ्यासकट. कळफलकाच्या सेटिंगमध्ये उंची कमी करता येते. मी सगळ्यात बुटकी ठेवली आहे. कळा दाटीच्या झाल्या, पण दोन रकाने एकदम दिसायला लागले.

लिपी बदलायचं काम सगळ्यात चिकट. माझ्याकडे इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन कळफलक आहेत आणि पृथ्वीच्या गोलाची कळ दाबली की ते त्याच क्रमानं येतात. इंग्रजीवरून कन्नडला जायला दोनदा, परत यायला एकदा. मध्ये फोन नंबर किंवा ईमेलचा रकाना आला की कळफलक स्वतःहून बदलतो, मग आपण कुठल्या लिपीत आहोत हेच विसरायला होतं. मराठी कळफलकावरून ९४ असे आकडे गेले की काही रकाने ते घेतच नाहीत, त्यांना 94 असेच लागतात.

म्हणून मी ठरवलं की आधी सगळे कन्नड रकाने भरायचे आणि मग सगळे इंग्रजी. तेही अंगाशी आलं. पुतणीच्या त्याच फॉर्मात आकडी लावून आईचं कन्नड नाव दुरुस्त केलं, मग वर जाऊन इंग्रजी नावाला हात लावला, आणि खाली उतरून बघते तर कन्नड नाव पुन्हा ರೆಖಾ! इंग्रजी रकान्यातून बोट बाहेर काढलं की तो फॉर्म कन्नड रकाना स्वतःच लिहीत होता. Rekha मधल्या e वरून ए ऱ्हस्व की दीर्घ हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे त्यानं आपल्या मनानं ऱ्हस्व धरला. आधीची तीन वेळची चूक कदाचित माझी नव्हतीच. तेव्हापासून क्रम उलटा : इंग्रजी सगळं आधी, कन्नड शेवटी, आणि कन्नड लिहिल्यावर वरच्या रकान्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

आणि कन्नड मी फॉर्ममध्ये टाइप करतच नाही. फोनच्या नोंदवहीत घरातल्या प्रत्येकाची एक नोंद करून ठेवली आहे : नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, प्रत्येक गोष्ट कन्नड, इंग्रजी आणि मराठीत वेगवेगळ्या ओळीवर. कन्नड ओळ कार्डावर बघून एकदाच लिहायची, नोंदवहीत अक्षर मोठं करून आकड्या तपासायच्या, आणि कन्नड चांगलं येणाऱ्या कुणाला तरी दाखवायची. माझ्यासाठी हे काम आमच्या समोरच्या अक्का करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सहा नावांत दोन चुका काढल्या. फॉर्ममध्ये मग फक्त चिकटवायचं. ओळ कॉपी करताना शेवटी मोकळी जागा येत नाही ना, तेवढं बघा. सुचवलेला शब्द निवडला की बरेच कळफलक मागे एक जागा सोडतात, ती दिसत नाही, आणि नाव जुळत नाही.

कन्नड कळफलक कुठला घ्यावा, तर मी इन्स्क्रिप्टवर गेले. ही मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांना एकच ठेवली आहे : मराठीत क जिथे, कन्नडमध्येही क तिथेच. मराठीची सवय बोटांना होतीच, ती कन्नडला तशीच कामी आली. मराठी ‘े’ची जी कळ, तीच कन्नडमध्ये दीर्घ ए देते, ऱ्हस्वाची कळ वेगळी आहे. इंग्रजी अक्षरांवरून कन्नड उमटवणाऱ्या कळफलकात मला हा भेद हातात राहत नव्हता. इथे राहतो.

देवनागरीत तरी सुखानं होईल असं वाटलं होतं. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी वेगळी सोय आहे, त्यासाठी पुतणीचा दुसरा फॉर्म भरला. आमच्या आडनावात ऱ्ह आहे. ‘कुऱ्हाड’ हा शब्द घ्या. तो दोन तऱ्हेनं लिहिता येतो : एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर एकसारखेच. फॉर्मनं दुसऱ्या तऱ्हेला ‘फक्त अक्षरे लिहा’ म्हणून नाकारलं, कारण ते न दिसणारं चिन्ह त्याला अक्षर वाटत नाही. ओळखायचं कसं? रकान्याखाली अक्षरं मोजणारा आकडा असेल तर तो बघा. पहिल्या तऱ्हेनं ‘कुऱ्हाड’ सात भरतो, दुसऱ्या तऱ्हेनं आठ. मात्रा आणि हलन्तही तिथे वेगळे मोजतात, म्हणूनच ‘३० अक्षरे’ म्हटलेल्या रकान्यात आपला पत्ता मध्येच तुटतो. मी पहिल्या तऱ्हेनं लिहिलेलं आडनाव नोंदवहीत ठेवलं आहे.

ओटीपीचं एक सांगते. २ जीबीच्या फोनवर मेसेज बघायला ब्राउझर सोडला की परत येईपर्यंत पान पुन्हा सुरुवातीपासून लोड होतं आणि सगळं रिकामं. वरून सूचनांची पट्टी ओढून आकडा तिथूनच वाचायचा. फोटोही फॉर्ममधून कॅमेरा उघडून काढायचा नाही, आधी काढून, लहान करून ठेवायचा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रेशन कार्डावरच कन्नड नाव चुकीचं छापलेलं असेल तर फॉर्ममध्ये तेच चुकीचं लिहावं लागतं, नाहीतर जुळत नाही. सासूबाईंच्या नावात असा एक ऱ्हस्व ए आहे. नोंदवहीत मी त्यांच्या दोन ओळी ठेवल्या आहेत, एक कार्डासारखी आणि एक बरोबर. दुरुस्तीचा अर्ज टाकला आहे. कार्ड बदलून येईपर्यंत पहिलीच वापरते.