ब्रेक-इव्हन पाकिटांत काढावा की रुपयांत?

एकच वस्तू विकणाऱ्याचा हिशोब सोपा असतो. महिन्याचा ठरलेला खर्च भागिले एका नगामागे सुटणारे पैसे, झाला ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री. पण दुकानात वेफर्स, शेव आणि बिबडे शेजारी शेजारी असले की प्रश्न येतो, कोणत्या नगाने भागायचं? उत्तर दोन पद्धतींनी काढता येतं. आपल्या दुकानाला कोणती बरी, ते जळगावातल्या एका दुकानावर पाहू. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत.

| माल (पाकीट) | विक्री दर | माल व पॅकिंग खर्च | सुटणारे पैसे |
|---|---|---|---|
| केळीचे वेफर्स | ८० | ५६ | २४ (३०%) |
| शेव | ७० | ५६ | १४ (२०%) |
| ज्वारीचे बिबडे | १५० | ९० | ६० (४०%) |

भाडं, नोकराचा पगार, वीज आणि किरकोळ मिळून दरमहा ३५,४०० रुपये. पाकीट विकलं काय, न विकलं काय, हे द्यावेच लागतात. शेवटच्या रकान्यातले सुटणारे पैसे म्हणजे अंशदान. आधी यातूनच ३५,४०० भरून निघायचे, नफा त्यानंतर.

बरेच जण २४, १४ आणि ६० यांची साधी सरासरी काढतात. ती येते ३२.६७, म्हणजे महिन्याला १,०८४ पाकिटं पुरेशी वाटतात. चूक इथेच होते. बिबड्यांचे ६० रुपये दिसायला घसघशीत असले, तरी दहा गिऱ्हाइकांत ते नेणारा एखादाच. बिलं चाळली तर दर दहा पाकिटांत ५ वेफर्स, ४ शेव आणि १ बिबडे निघतात. हेच विक्री मिश्रण. या प्रमाणात १,०८४ पाकिटं विकली तर साधारण २५,६०० रुपयेच सुटतात आणि ९,८०० रुपये खिशातून जातात.

पाकिटांची पद्धत. दहा पाकिटांचा एक गठ्ठा धरा. त्यात वेफर्सचे १२०, शेवेचे ५६ आणि बिबड्यांचे ६०, असे २३६ रुपये सुटतात. म्हणजे सरासरी पाकिटामागे २३.६०. आता ३५,४०० भागिले २३.६० केले की १,५०० पाकिटं येतात. त्यात ७५० वेफर्स, ६०० शेव आणि १५० बिबडे. माल किती भरायचा, हे या उत्तरातून थेट कळतं, आणि त्याचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

रुपयांची पद्धत. त्याच गठ्ठ्याची विक्री ४०० + २८० + १५० = ८३० रुपये. २३६ भागिले ८३० केले की २८.४३ टक्के येतात, म्हणजे शंभराच्या विक्रीत २८ रुपये ४३ पैसे सुटतात. ३५,४०० ला या टक्केवारीने भागलं की महिन्याची विक्री येते १,२४,५००. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना हाच आकडा कामाला येतो. शेव सुटी, किलोवर विकत असाल तर पाकिटं मोजताच येत नाहीत, तिथे हीच पद्धत घ्यावी. गल्ल्यात जीएसटी मिसळला असेल तर तो आधी वजा करा, तो आपला पैसा नव्हे.

दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच, कारण १,५०० पाकिटांची किंमत १,२४,५०० रुपयेच होते. जुळत नसेल तर बहुतेक वेळा नगांचं प्रमाण टक्केवारीला लावलेलं असतं. ५:४:१ हे नगांचं प्रमाण. त्याने ३०, २० आणि ४० टक्क्यांची सरासरी काढली तर २७ टक्के येतात. टक्क्यांना विक्रीच्या रकमेचा भार द्यावा लागतो, म्हणजे ८३० पैकी ४००, २८० आणि १५०.

आता दोन्ही पद्धतींची मर्यादा. मिश्रण बदललं की दोन्ही उत्तरं मोडतात. उन्हाळ्यात घरोघर वर्षाची साठवण होते तेव्हा बिबडे खपतात. पावसाळ्यात ते बंद पडून प्रमाण ५ वेफर्स, ५ शेव असं झालं तर दहा पाकिटांत १९० रुपयेच सुटतात. तेव्हा लागतील १,८६४ पाकिटं, साधारण १,३९,७०० रुपयांची विक्री. गंमत पाहा, गल्ल्यात तेच १,२४,५०० जमले तरी या महिन्यात ३,८६० रुपयांचा तोटा असतो. पाकिटंही आता १,५०० नाही, १,६६० गेलेली असतात, म्हणून मालक आणखी निर्धास्त. नुसता गल्ला किंवा नुसती पाकिटं पाहून हे कळत नाही. बिलांतून मालनिहाय खप वेगळा काढला तरच दिसतं.

माझा कल असा. पाकीटबंद माल आणि दोन-चार जिन्नस असतील तर पाकिटांची पद्धत ठेवा. जिन्नस वीसेक असतील किंवा सुटा माल असेल तर रुपयांची. आणि उन्हाळा व पावसाळा यांचं मिश्रण वेगळं मांडून दोन ब्रेक-इव्हन काढा. वर्षाची सरासरी घेतली तर ती या दोन्हींपैकी एकाही महिन्याला लागू पडत नाही.