ग्राउट किती लागेल: ड्रॉइंगवरची फट की मोजलेली?

उद्यमबागेत लेथ बसवायचा आहे. बेस आणि फाउंडेशनमधली फट ग्राउटने, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या मालाने, भरायची. बेस 1200 × 600 मिमी, म्हणजे फटीच्या दर मिलिमीटरला 0.72 लिटर ग्राउट.

ड्रॉइंगवर फट 25 मिमी. हिशेब सोपा: 18 लिटर, 10 टक्के नासाडी धरून जेमतेम 20. पिशवीतून 12 लिटर निघत असेल तर दोन पुरतात.

पण फाउंडेशन कधी सपाट असतं का? चार कोपरे मोजले तर 28, 34, 36, 30, सरासरी 32. म्हणजे 23 लिटर, नासाडीसह 25. तीन पिशव्या. बोल्टचे खड्डे आणि बेसबाहेरची कड वेगळी.

मी मोजूनच मागवतो. ओतताना माल संपला, तर आधीचा थर आवळतो, नवा नीट धरत नाही. नंतर हातोडीने ठोकलं की तिथे पोकळ आवाज येतो.