एक किलोचं पाकीट की बेसन? लातूरच्या डाळमिलचा हिशोब, आधी चुकीचा आणि मग बरोबर

लातूर एमआयडीसीतली एक मध्यम डाळमिल डोळ्यांपुढे आणा. वर्षाला 2400 टन तूरडाळ निघते आणि सगळी 30 किलोच्या कट्ट्यात जाते. लातूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा भागातले किराणावाले कट्टा फोडून सुटी डाळ विकतात. तूर, भरडाई, बारदाना, आडत, भाडं असा विक्रीबरोबर वाढणारा सगळा खर्च वजा केला की मिलला किलोमागे 4 रुपये उरतात. आता हातात 40-50 लाख आहेत आणि दोन वाटा समोर आहेत. एक म्हणजे स्वतःच्या नावाचं एक किलोचं तूरडाळीचं पाकीट, दुसरी म्हणजे हरभऱ्याच्या बेसनाचं युनिट. दोन्हीला पुरतील एवढे पैसे नाहीत. आकडे उदाहरणापुरते गोल केलेले आहेत, तुमचे वेगळे असतील.

पाकिटाला मशीन आणि बाकी सोय मिळून 30 लाख, शिवाय माल-उधारीत अडकणारे 12 लाख लागतात. वर्षाला 600 टन पाकिटं जातील असा अंदाज आहे आणि किलोमागे 7 रुपये उरतील. पाकिटावर 5 टक्के जीएसटी आहे. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर तो लागतो, 30 किलोच्या कट्ट्यावर लागत नाही. सुट्या डाळीशेजारी पाकीट फार महाग दिसू नये म्हणून त्यातला थोडा भार मिलला स्वतः सोसावा लागतो. तो या 7 रुपयांत धरला आहे. सेल्समन, जाहिरात, वीज असा नव्याने येणारा खर्च वर्षाला 14 लाख.

बेसनाला 40 लाख गुंतवणूक आणि 8 लाख खेळतं भांडवल लागेल. 300 टन विक्री, किलोमागे 9 रुपये, नवा खर्च 9 लाख. या 9 लाखांत मिलच्या मागच्या शेडचं वर्षाचं 1 लाख 80 हजार भाडंही आहे. शेड आपलीच असली तरी आज भाडेकरू पैसे देतो आणि युनिट बसवलं की ते बंद होतील. खिशातून काही जात नाही म्हणून हे भाडं बहुतेक कागदांवर येतच नाही, पण येणारे पैसे थांबणं म्हणजेही पैसे जाणंच.

बहुतेक घरांत तुलना इथंच उरकते. पाकिटाचे 600 टन गुणिले 7 म्हणजे 42 लाख, त्यातून 14 गेले, राहिले 28 लाख. बेसनाचे 27 वजा 9, म्हणजे 18 लाख. पुढे मिळणाऱ्या पैशांचं मोल आजच्या पैशांपेक्षा कमी असतं, म्हणून पाच वर्षांची मुदत आणि वर्षाला 14 टक्के दर धरून ही दरवर्षीची रक्कम आजच्या किमतीत आणली, शेवटी सुटणारं खेळतं भांडवल मिळवलं आणि सुरुवातीची गुंतवणूक वजा केली, तर पाकिटाला साधारण 60 लाख उरतात आणि बेसनाला 18. (आयकर बाजूला ठेवला आहे.) पाकीट बेसनाच्या तिपटीहून पुढे. मशीनवाला तर ॲडव्हान्स घ्यायला दारातच उभा असतो.

आता उदगीरच्या एका दुकानाची वही उघडू. पूर्वी हा दुकानदार महिन्याला पाच कट्टे, म्हणजे 150 किलो डाळ घ्यायचा. पाकीट आल्यावर तो तीन कट्टे आणि 100 पाकिटं घेतो, एकूण 190 किलो. पाकिटाच्या खात्यात 100 किलो विक्री चढली, पण दुकानात डाळ वाढली फक्त 40 किलो. उरलेले 60 किलो कट्ट्यातून उठून पाकिटात आले. गिऱ्हाईक तेच, डाळ तीच, बांधणी नवी. यालाच व्यवसायात कॅनिबलायझेशन म्हणतात: नवा माल आपल्याच जुन्या मालाची विक्री खातो.

सगळीकडे हेच प्रमाण धरलं तर 600 टनांपैकी 360 टन आपल्याच कट्ट्यातले आहेत. त्यांच्यावर आधी किलोमागे 4 रुपये मिळतच होते. म्हणजे या 360 टनांवर पाकिटाची कमाई 7 नव्हे, फक्त 3 रुपये. खऱ्या नव्या 240 टनांवर मात्र पूर्ण 7. बेरीज होते 27 लाख 60 हजार, खर्च जाऊन 13 लाख 60 हजार. 28 लाखांचा आकडा निम्म्याहून खाली आला.

इथे दोन्ही बाजूंनी घसरायला होतं. एक तर हे नुकसान धरतच नाहीत. किंवा धरायचं ठरवलं की कट्ट्याची पूर्ण विक्रीकिंमत वजा करून टाकतात आणि पाकीट बुडीत दाखवतात. कट्टा विकला गेला नाही म्हणजे त्याची तूर घ्यावी लागली नाही, बारदाना लागला नाही, भाडं वाचलं. त्यामुळे जातात ते उरणारे 4 रुपयेच. खेळत्या भांडवलाचंही तसंच आहे. कमी झालेल्या कट्ट्यांवरची उधारी मोकळी होते, म्हणून 12 लाखांचा आकडा ती वजा करून काढलेला आहे.

बेसनात उलटं घडतं. बेसन द्यायला गेलेली गाडी त्याच दुकानात तूरडाळीचे थोडे जास्त कट्टे उतरवते. वर्षाला 60 टन जास्त डाळ धरली तर 2 लाख 40 हजार. हे पैसे बेसनाच्या कागदावर दिसत नाहीत, डाळीच्या खात्यात येतात. पण बेसन नसतं तर आले नसते, म्हणून ते बेसनाचेच. बेसनाची वर्षाची रक्कम होते 20 लाख 40 हजार. तरी हे 60 टन मी जरा साशंकपणे बघतो. असे आकडे विक्री विभाग सहज देतो आणि मागाहून त्यांची पडताळणी करायला कुणी जात नाही.

| | पाकीट | बेसन |
|---|---|---|
| सुरुवातीला लागणारे पैसे | 42 लाख | 48 लाख |
| दरवर्षी, वरवरच्या हिशोबाने | 28 लाख | 18 लाख |
| दरवर्षी, फक्त वाढीव पैसे धरून | 13.6 लाख | 20.4 लाख |
| आजच्या किमतीत, वरवर | 60 लाख | 18 लाख |
| आजच्या किमतीत, वाढीव | 11 लाख | 26 लाख |

क्रम उलटला. पाकीट अजूनही तोट्यात नाही, पण बेसन पुढे गेलं. मग बेसन घ्यायचं का? मी अजून नाही म्हणेन, कारण या तक्त्यात एक गृहीतक दडलेलं आहे.

360 टन वजा करताना आपण असं धरलं की पाकीट काढलं नसतं तर कट्ट्याची विक्री जशीच्या तशी राहिली असती. तुलना मात्र काल आणि उद्याची करायची नसते. पाकीट काढलं तर काय आणि नाही काढलं तर काय, अशी करायची असते. उदगीरच्या त्याच दुकानात दुसऱ्या कंपन्यांची पाकिटं आधीपासून फळीवर आहेत. आपण काही केलं नाही तरी कट्ट्यातली काही डाळ त्यांच्याकडे जाणारच. ती विक्री आपल्या पाकिटाने खाल्ली नाही, ती तशीही गेली असती. तिचे 4 रुपये पाकिटावर टाकणं अन्याय आहे.

हे ओळखायला पाकीट सगळीकडे एकदम सोडू नका. उदगीर आणि निलंग्यात द्या, अहमदपुरात देऊ नका, आणि तिन्ही ठिकाणी दुकानवार कट्ट्यांची बिलं तीन महिने बघा. ज्या दुकानाला पाकीट मिळालंच नाही तिथेही पाचाचे चार कट्टे झाले, तर पाचातला एक कट्टा बाजारानेच नेला. मग उदगीरच्या दुकानातल्या 60 किलोंपैकी 30 किलो आपल्या पाकिटाच्या माथी येतात, 60 नाहीत. 600 टनांच्या हिशोबात हे होतात 180 टन. वजावट 14 लाख 40 हजारांवरून 7 लाख 20 हजारांवर येते, पाकिटाचे वर्षाचे 20 लाख 80 हजार राहतात आणि आजच्या किमतीत साधारण 36 लाख. पाकीट पुन्हा बेसनाच्या पुढे.

म्हणजे सगळा निर्णय एकाच आकड्यावर टेकलेला आहे: पाकिटामुळेच गेलेले टन किती. वरच्या आकड्यांत ही हद्द 250 टनांच्या आसपास आहे. त्याहून कमी असतील तर पाकीट, जास्त असतील तर बेसन. 440 टनांच्या पुढे गेले तर पाकीट स्वतःचा खर्चही भरून काढत नाही. आणि बेसनाबरोबर वाढणारी ती 60 टन डाळ शंकास्पद वाटत असेल तर ती काढून टाका, हद्द 310 टनांच्या जवळ सरकते.

एका दुकानावरून मात्र काही ठरवू नका. प्रत्येक तालुक्यातली वीस-पंचवीस दुकानं तरी हवीत. आणि चाचणीचे महिने जपून निवडा. नव्या तुरीची आवक जोरात असते तेव्हा गावाकडची बरीच घरं स्वतःच्या तुरीची डाळ करून घेतात, आणि दुकानातले कट्टे पाकिटाशी काही संबंध नसताना कमी होतात. म्हणून गेल्या वर्षीचे तेच महिने आणि पाकीट न दिलेला तालुका, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

बाकी दोन गोष्टी पटकन. मिलचा घसारा, मुनीमजींचा पगार, मालकाचं मानधन यातला वाटा सीए पाकिटावर टाकून देतात. पाकीट काढलं तरी, नाही काढलं तरी हे खर्च तेवढेच राहतात, म्हणून इथे ते शून्य. पाकिटाच्या डिझाइनला दिलेला दीड लाखही शून्य. तो गेलेला आहे. बेसन निवडलं म्हणून तो परत मिळणार नाही. "इतका खर्च केलाय, आता मागे कसं फिरायचं" हे वाक्य कानावर आलं की तो माणूस हिशोब सोडून बोलतोय, असं मी धरतो.

किलोमागच्या रकमांचा क्रमही एकदा तपासा. इथे पाकिटावर 7 आणि कट्ट्यावर 4 उरतात, म्हणून सरकलेला प्रत्येक किलोही 3 रुपये कमावतो. स्कीम देऊन, जीएसटीचा भार गिळून पाकिटावर 3 रुपयेच उरायला लागले, तर कट्ट्यातून पाकिटात आलेला प्रत्येक किलो एक रुपया नेतो. तेव्हा कट्ट्यातून पाकिटात जितकी डाळ सरकेल तितकं त्याच दुकानांमधलं नुकसान वाढेल, आणि सेल्समन मात्र टार्गेट पूर्ण केल्याबद्दल इन्सेंटिव्ह मागत असेल. त्याचा इन्सेंटिव्ह पाकिटांच्या संख्येवर न देता दुकानातल्या एकूण डाळीच्या वाढीवर द्या.

चाचणीसाठी मशीन घ्यायची गरज नाही. तीन महिन्यांची पाकिटं दुसऱ्याच्या मशीनवर मजुरीने भरून घ्या. किलोमागे चार पैसे जास्त जातील, पण 30 लाखांचा चेक तोपर्यंत तुमच्याच खात्यात राहील.