लग्नाच्या ब्लाऊजला साटीन की रॉ सिल्क?

लग्नसराईत साडीवर वेगळं ब्लाऊज शिवायचं ठरलं की बायका दोन तुकडे घेऊन दुकानात येतात, एक साटीन आणि एक रॉ सिल्क, आणि विचारतात, "दादा, यातलं कुठलं शिवू?" रंग, चमक आणि भाव कापड पेठेत फिरताना त्यांनी पाहिलेलेच असतात, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. मी बोलतो ते शिवणीबद्दल, कारण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दोन वर्षांपूर्वी एक काकू साटीनचं ब्लाऊज परत घेऊन आल्या. छाती ३६, फिटिंग एकदम अंगाबरोबर, आतलं अस्तर सुटं लावलेलं. "शिलाई उसवली बघा, दोरा कच्चा होता." मी ब्लाऊज उलटं करून पाहिलं तर एकही टाका तुटलेला नव्हता. मुंढ्याखाली बाजूच्या शिवणीला लागून साधारण दीड इंच लांबीत कापडच बाजूला सरकलं होतं. मधल्या फटीत नुसते आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे उरले होते आणि उभे धागे शिवणीपासून चार मिलिमीटर लांब जाऊन गोळा झाले होते. बोटाने ते परत जागेवर लोटले, इस्त्री केली, पण हात उचलून दाखवा म्हटलं की फट पुन्हा तशीच. उसवलेली शिलाई पुन्हा मारता येते. सरकलेल्या कापडाचं मात्र काही करता येत नाही, फारतर तेवढी जागा आत घेऊन ब्लाऊज आणखी घट्ट करायचं.

असं का होतं, हे विट्याच्या माझ्या मावसभावाने समजावलं. त्याचे यंत्रमाग आहेत. त्याने दोन्ही कापडांवर पिक ग्लास ठेवलं, म्हणजे धागे मोजायचं बारीक भिंग. एका इंचात साटीनला उभे १९० आणि आडवे ७२ धागे निघाले. रॉ सिल्कला उभे ९६ आणि आडवे ६८. मला वाटलं होतं की ज्यात धागे जास्त तेच कापड घट्ट. भाऊ म्हणाला, "धागे मोजू नको, ते एकमेकांना किती वेळा धरतात ते मोज."

रॉ सिल्कची वीण साधी. प्रत्येक उभा धागा एका आडव्यावरून, पुढच्याखालून, असा चालतो. म्हणजे इंचभरात ६८ वेळा तो वर-खाली होतो. साटीनमध्ये उभा धागा चार आडव्यांवरून नुसता तरंगत जातो आणि पाचव्याखाली एकदाच बुडी मारतो. ७२ आडव्या धाग्यांत त्याची वर-खाली जेमतेम २९ वेळा होते. तीच साटीनची चमक आणि तोच तिचा कच्चेपणा, कारण एकमेकांवर घासून धरून ठेवण्याच्या जागाच अर्ध्याहून कमी असतात.

ब्लाऊजची बाजूची शिवण उभी असते आणि अंगाचा ताण आडवा येतो. शिवणीच्या ओळीत जे उभे धागे असतात, त्यांना आडव्या धाग्यांवरून घसरायचा मोह होतो. त्यांना रोखतात ते आडवे धागेच. म्हणून साटीन घेताना उभे धागे कितीही दाट असले तरी आडवे, म्हणजे पिक, विरळ असतील तर शिवण सरकणारच. स्वस्त साटीनमध्ये नेमके पिकच कमी ठेवलेले असतात, कारण पिक कमी केले की मागावर तासाला कापड जास्त निघतं.

धाग्याची जाडीही मोजावी लागते. तेवढेच पिक ठेवून धागा बारीक घेतला तर दोन धाग्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि सरकायला वाट मिळते. जाड धागा ती जागा भरतो, शिवाय शेजाऱ्याला वळसा घालताना तो जास्त वाकतो आणि तिथे अडकून राहतो. रॉ सिल्कच्या धाग्यात मध्येमध्ये जाड गाठी असतात, त्या ब्रेकसारखं काम करतात. साटीनचा धागा बहुतेक वेळा सलग, गुळगुळीत, पीळ जवळजवळ नसलेला. अस्सल रेशमाची साटीनही यातून सुटत नाही. रेशीम उकळून त्यावरचा डिंक काढतात तेव्हा जवळपास पाव वजन कमी होतं, धागा बारीक आणि मऊ होतो आणि कापड सैल पडतं.

रॉ सिल्कचीही एक तक्रार आहे. कापलेल्या कडेचे धागे भराभर निघतात, त्यामुळे कापल्याबरोबर इंटरलॉक मारावं लागतं. आणि रॉ सिल्क या नावाने जे जे विकतात ते सगळं दाट असतंच असं नाही. विरळ विणलेलं निघालं तर तेही सरकतं. म्हणून नावावर जाऊ नये. चार इंचाचा तुकडा घ्या, दुमडून अर्ध्या इंचावर टीप मारा, उघडून दोन्ही बाजूंनी दहा सेकंद ओढून धरा आणि उजेडासमोर बघा. कापड उभं आणि आडवं, दोन्हीकडून करा. टाक्याजवळ दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर अंगाबरोबरच्या ब्लाऊजला मी ते कापड घेत नाही. दुकानात मशीन नसेल तर दोन अंगठे जवळ ठेवून कापड बाजूला लोटा. धागे सरकून रेघ उमटली आणि तशीच राहिली, तर समजून जा.

साटीनच हवी असेल तर तीही शिवता येते, मी शिवतो. पण जाड दोरा घालून काही होत नाही, कारण दोरा मुळात तुटतच नाही. बारीक टीप थोडी मदत करते, इंचाला १२ टाक्यांपर्यंत. त्याहून जास्त मारले की सुईच्या भोकांनी कापड कमजोर होतं आणि शिवण चुण्या धरते. खरा उपाय म्हणजे ताण साटीनवर येऊच न देणं. सुती अस्तर साटीनला जोडून एकत्रच शिवायचं आणि ते रुंदीला अगदी किंचित कमी ठेवायचं, म्हणजे ओढ अस्तर घेतं. माया अर्धा इंच तरी ठेवायची आणि फिटिंगमध्ये दीड-दोन इंचाचा सैलपणा द्यायचा. प्रिन्सेस कटची तिरकी शिवण सरळ शिवणीपेक्षा कमी सरकते, कारण तिथे शिवणीच्या ओळीत सलग धागा नसतो.

एवढं केल्यावर साटीन टिकते, पण त्या सैलपणामुळे अंगाबरोबरचं फिटिंग राहत नाही. बायकांना साटीनवर तेच तर हवं असतं. माझं बोलणं ब्लाऊजापुरतं आहे. घेरदार परकराला, ओढणीला, सैल गाऊनला मी आजही साटीनच सुचवतो, तिथे ओढ नसते आणि तिच्यासारखं झुळझुळीत पडणारं दुसरं कापड नाही.

भाचीच्या लग्नात तिला साटीनचंच ब्लाऊज हवं होतं. मी तिला तुकड्यावर टीप मारून, उजेडासमोर धरून दाखवलं. तिने परकर साटीनचा घेतला आणि ब्लाऊज त्याच रंगाच्या रॉ सिल्कचं. हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस ती त्यात वावरली. परत आल्यावर मी मुंढ्याखालची शिवण बघितली, धागा जागचा हलला नव्हता.