विकतचा ट्रान्झिशन पॅक बंद पडल्यानंतर: मॅच कटचा काही महिन्यांचा अनुभव

पैसे मोजून घेतलेला ट्रान्झिशन पॅक एडिटिंग सॉफ्टवेअर अपडेट होताच बंद पडला आणि विक्रेत्याने नवी आवृत्ती पुन्हा विकत घ्यायला सांगितले. तेव्हापासून मी दोन क्लिप्स साध्या कटनेच जोडतो आहे, पण पहिलीतला आकार आणि गती दुसरीत पुढे चालू राहील अशा, म्हणजे मॅच कटने; आणि तो पॅक परत घेणार नाही.

खाडी ओलांडून पोटापाण्यासाठी येणारे सगळे, ही माझ्या मोंताजची कल्पना. त्यात वाशीच्या खाडीपुलावरची लोकल आणि नेरुळच्या पाणथळीवर उडणारे फ्लेमिंगो एकमेकांना जोडायचे होते. पूर्वी मला वाटे की आकार जुळला की काम झाले. डब्यांची रांग आणि पक्ष्यांची रांग दिसायला सारखीच आहे. आता माझे मत वेगळे आहे. दोन्ही रांगा उजवीकडून डावीकडेच जात होत्या, तरी कट खटकत होता, कारण लोकलचे तोंड दोन सेकंदांत पडदा ओलांडत होते, तर पुढच्या पक्ष्याला चार सेकंद लागत होते. पक्ष्यांचा वेग वाढवला तर पंखांची फडफड खोटी दिसते, म्हणून लोकलच निम्म्या वेगाने चालवली. ती ६० फ्रेम्सवर चित्रित केलेली आणि टाइमलाइन ३० ची असल्यामुळे एकही फ्रेम दोनदा दाखवावी लागली नाही.

मग पक्ष्यांची क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवून तिची अपारदर्शकता ५० टक्के केली आणि पुढचा पक्षी मोटरमनच्या केबिनवर येईल अशी सरकवली. प्रेक्षकाची नजर गाडीबरोबर धावत असते, त्यामुळे पक्षी केबिनच्या किंचित पुढे ठेवल्यावर कट अधिक सहज वाटला. आकार जुळवायला झूम करावा लागला तरी, चित्रीकरण ४के आणि टाइमलाइन एचडी असेल, तर दुपटीपर्यंत स्पष्टता टिकते.

खरा मनस्ताप फोनच्या बदलत्या फ्रेम रेटने दिला. प्रकाश कमी झाला की फोन मधूनच फ्रेम्स कमी करतो. मग एडिटसाठी बनवलेल्या हलक्या प्रतीवर, म्हणजे प्रॉक्सीवर, अचूक बसलेला कट मूळ फाइलवर एक-दोन फ्रेम्स सरकतो आणि पक्षी केबिनच्या मागे पडतो. इतक्याने सगळा परिणाम जातो, आणि विकत घेतलेले कोणतेही ट्रान्झिशन ते दुरुस्त करू शकत नाही. `MediaInfo` मध्ये `Frame rate mode : Variable` दिसले की एडिटला बसण्यापूर्वी मी फ्रेम रेट स्थिर करणारी ही फुकटची आज्ञा चालवतो:

```
ffmpeg -i local.mp4 -c:v libx264 -crf 16 -fps_mode cfr -r 60 -c:a copy local_cfr.mp4
```

फाइल मोठी होते, वेळही जातो. पण कट जागचा हलत नाही.

याच मोंताजमध्ये मासुंदा तलावातली होडीही होती. ती समोरून कॅमेऱ्याकडे येत असल्यामुळे पक्ष्यांच्या आडव्या गतीशी कशानेच जुळेना. शेवटी ती काढून टाकली. आता तीच होडी काठावरून, आडवी जाताना पुन्हा चित्रित करणार आहे.